'वारा, तारा इ.' : एका पत्रकामागचा वाद

ठाण्यातल्या एका मंडळाच्या गझल स्पर्धेचं यंदाचं पत्रक आलं आणि त्यातून एक शब्द गेलेला दिसला: 'इ.'. गेल्या खेपेला अट होती ती अशी: 'रदीफ – अजून आहे. काफिया – वारा, तारा इ. किमान पाच शेर. वृत्त ऐच्छिक.' निकाल लागल्यावर तलावपाळीच्या कट्ट्यापासून वाशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत जी धुसफूस चालली, तिचं मूळ या दीड ओळीत होतं. रदीफ म्हणजे ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह, आणि काफिया म्हणजे त्याच्या आधीचं जुळणारं यमक.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1933 साली माधव जूलियन यांची 'गज्जलांजली' आली तेव्हा मराठीत गज्जल म्हणजे मुख्यतः एक चाल, फारसी वळणाचं वृत्त. प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असावा, ही अट तेव्हा फारशी कुणी मनावर घेतली नव्हती. ती कडक झाली ती 1974 च्या 'रंग माझा वेगळा'पासून 1983 च्या 'एल्गार'पर्यंतच्या काळात आणि या दोन्ही संग्रहांचे कवी, विदर्भातले सुरेश भट, यांनी गझलेचे नियम सांगायला लिहिलेल्या 'गझलेची बाराखडी'मुळे. आज ठाण्या-मुंबईकडचे परीक्षक जे नियम सांगतात ते बहुतेक तिथूनच आलेले आहेत, अगदी ज्यांना ती बाराखडी जाचक वाटते त्यांचेसुद्धा.

याच बाराखडीनं एक शब्द रूढ केला, 'अलामत'. काफियात जे अक्षर बदलत नाही, त्याच्या आधीचा स्वर म्हणजे अलामत, आणि तोही बदलायचा नाही. उर्दूच्या शास्त्रात या जागी हर्फ-ए-रवी, म्हणजे काफियाचं मुख्य अक्षर, आणि त्याच्या मागच्यापुढच्या अक्षरांची वेगवेगळी नावं आहेत. मराठीनं ते सगळं एका शब्दात गुंडाळलं. शिकवायला सोपं झालं खरं, पण भांडायलाही तेवढंच सोपं झालं.

स्पर्धेतल्याच रदीफावर बेतलेला एक मतला, म्हणजे दोन्ही ओळींत काफिया येणारा गझलेचा पहिला शेर, घेऊ, उदाहरणापुरता.

खाडीत थांबलेला वारा अजून आहे
पाण्यात सांडलेला पारा अजून आहे

वृत्त आनंदकंद, गागालगालगागा दोनदा, 'गा' म्हणजे गुरू आणि 'ल' म्हणजे लघू. 'अजून आहे' हा रदीफ. 'वारा' आणि 'पारा' यांत 'रा' कायम आहे आणि त्याआधीचा 'आ' ही अलामत. म्हणजे या मतल्यानं कवीला 'आरा'शी बांधून टाकलं. आता पुढच्या शेरांच्या या दोन ओळी पाहा.

कागद जुना तरीही कोरा अजून आहे
ओठांत राहिलेला दावा अजून आहे

मात्रांत दोन्ही ओळी चोख आहेत, म्हणून कानाला चटकन काही खुपत नाही. पण 'कोरा'मध्ये 'रा' असला तरी आधी 'ओ' आला, म्हणजे अलामत भंगली. 'दावा'मध्ये 'रा'च नाही, उरला फक्त शेवटचा 'आ'. हा झाला स्वरकाफिया. वरच्या मतल्यानंतर दोन्ही ओळी चूकच. मात्र मतल्यातच 'वारा' आणि 'दावा' अशी जोडी बांधली असती, तर कवीनं पहिल्याच दोन ओळींत सांगितलं असतं की मी फक्त 'आ' पाळणार आहे, आणि मग 'कोरा'सुद्धा चालला असता. थोडक्यात, काफिया काय आहे हे एकटा शब्द ठरवत नाही, मतल्यातली जोडी ठरवते.

स्पर्धेत नेमका इथेच पेच पडतो. तरही मुशायऱ्यात गझल रचायला अख्खा मिसरा, म्हणजे एक पूर्ण ओळ, देतात, त्यामुळे वृत्त आणि रदीफ हातात मिळतात. इथे नुसता रदीफ आणि काफियाचे दोन नमुने दिले. जोडी पत्रकानंच ठरवली, म्हणजे मतल्याचा अधिकार पत्रकानं स्वतःकडे घेतला. 'वारा, तारा' एवढंच छापलं असतं तर 'आरा' बंधनकारक, यात शंका नव्हती. पण 'इ.'मध्ये काय काय बसतं? काहींनी 'किनारा' वाचला, काहींनी 'कोरा', काहींनी 'दावा' आणि 'माया'.

छाननीत 'दावा', 'माया' असलेल्या गझला बाद झाल्या आणि 'कोरा' असलेल्या दोन पुढे गेल्या. हा निर्णय मला आजही पटत नाही. स्वरकाफिया नको असेल तर नको, तसं म्हणायचा आयोजकांना हक्क आहे. पण मग अलामत भंगलेलीही नको. 'रा' दिसला की पास, ही कसोटी डोळ्यांची झाली, कानाची नाही. बाद झालेल्यांपैकी दोघांनी मतल्यातच 'वारा–माया' अशी जोडी स्वच्छ बांधली होती. नियमाच्या जाणिवेत ते 'कोरा'वाल्यांच्या पुढे होते.

स्वरकाफियाच्या विरोधकांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. उर्दूत तो जुना आणि मान्य आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दिल्लीच्या गालिबची 'क्या है' रदीफाची ती सर्वतोमुखी गझल 'हुआ', 'दवा', 'माजरा', 'मुद्दआ' यांवरच उभी आहे. पण मराठीत विभक्ती आणि क्रियापदांची रूपं इतकी आकारान्त, ईकारान्त, एकारान्त असतात की नुसता स्वर जुळवायचा तर काफिया शोधावाच लागत नाही. 'घराला', 'दाराला', 'म्हणाला', 'गेला', सगळं चालतं. शोधण्याची झटापट गेली की शेर सैल पडतो, असं जुने परीक्षक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. 'आरा' सक्तीचा केला की शब्द मोजकेच उरतात: वारा, तारा, पारा, थारा, किनारा, पसारा, पहारा, निखारा, निवारा, इशारा, पिसारा, असे आणखी थोडे. मग गठ्ठा वाचताना प्रत्येक तिसऱ्या गझलेत तोच 'आठवांचा पसारा' आणि तोच 'राखेतला निखारा' भेटतो. झटापट होते, पण शब्दाशी होते, विचाराशी नाही.

'वृत्त ऐच्छिक' या अटीकडे मात्र कुणी पाहिलं नाही. 'अजून आहे' म्हणजे लगालगागा. एवढा लांब रदीफ दिला की वृत्ताची निवड अर्धी झालेलीच असते. आनंदकंदात तो बसतो, पण त्याआधी जागा उरते दोन गुरूंची, फक्त 'वारा', 'तारा'एवढी. 'किनारा' घ्यायचा तर त्याचा 'कि' मागच्या खंडात ढकलावा लागतो आणि शब्द यतीवर, म्हणजे ओळीतल्या विरामावर, चिरतो. हिरण्यकेशीत, म्हणजे लगालगागा चारदा, शेवटचा खंड अख्खा रदीफाचा, आणि त्याआधीच्या खंडाच्या शेवटी लगागा हा 'किनारा' अलगद बसतो. ज्यांनी वृत्त आधी ठरवलं आणि काफिये मागून गोळा केले, त्यांच्या ओळी कुठे फाटल्या ते नुसतं मोठ्यानं वाचलं तरी कळत होतं. परीक्षकांच्या शेऱ्यांत त्याबद्दल एक शब्द नव्हता, सगळी शाई 'दावा'वर गेली.

यंदाच्या पत्रकात 'इ.' नाही. 'काफिया – आर, उदा. दार, धार, अलामत आ कायम, स्वरकाफिया ग्राह्य नाही' असं स्वच्छ लिहिलंय. रदीफही आखूड, नुसता 'आहे'. फक्त प्रवेशिकेच्या मागच्या बाजूला 'अंत्ययमक' असा रकाना आहे. बाराखडीत अन्त्ययमक म्हणजे रदीफ. शाळेतल्या व्याकरणात अंत्ययमक म्हणजे ओळीच्या शेवटी जुळणारं यमक, जे गझलेत काफियाच्या जवळ जातं. परवा नौपाड्यातल्या एका बाईंनी त्या रकान्यात 'दार' लिहिलं, शेजारी बसलेल्या काकांनी 'आहे'.