सरासरी टॉर्क कशावर काढायचा? स्थिर फ्लायव्हील आणि बदलत्या टॉर्कची पार्श्वभूमी

बारावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे गणित हमखास असतं. एक फ्लायव्हील स्थिर आहे, त्यावर काळाबरोबर बदलणारा टॉर्क लावला, तर अमुक सेकंदांनी त्याचा कोनीय वेग किती? कृतीही पाठ असते. टॉर्कला जडत्व-आघूर्णाने भागून कोनीय त्वरण काढायचं, त्याचं काळाच्या संदर्भात संकलन करायचं आणि चाक सुरुवातीला स्थिर असल्याने संकलनाचा स्थिरांक शून्य धरायचा. पण टॉर्क काळावर अवलंबून आहे हे गणित मांडणाऱ्याने सोयीसाठी धरलेलं असतं. खऱ्या यंत्रात तो कधी चाकाच्या कोनावर अवलंबून असतो, तर कधी वेगावर. संकलन कशाच्या संदर्भात करायचं, हा प्रश्न सुटायला काही शतकं लागली.

आधी एक उदाहरण पूर्ण करून घेऊ. चाकाचं जडत्व-आघूर्ण २० किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे आणि टॉर्क शून्यापासून दर सेकंदाला १० न्यूटन-मीटरने वाढतो आहे.

```
T = 10t
α = T/I = 0.5t
ω = ∫ α dt = 0.25t²
θ = ∫ ω dt = t³/12
```

चार सेकंदांनी टॉर्क ४० न्यूटन-मीटर होतो, कोनीय वेग ४ रेडियन प्रति सेकंद होतो आणि चाक ५.३३ रेडियन, म्हणजे एका फेऱ्याला थोडं कमी, फिरलेलं असतं. इथे शेवटचं त्वरण (२) गुणिले वेळ (४) असं केलं तर उत्तर ८ येतं, बरोबर दुप्पट. ही चूक लगेच लक्षात येते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. या चार सेकंदांतला सरासरी टॉर्क किती? काळावर सरासरी काढली तर २० न्यूटन-मीटर. पण चाकाला मिळालेली ऊर्जा ½ × २० × ४² = १६० ज्यूल आहे. ती फिरलेल्या कोनाने भागली तर सरासरी ३० न्यूटन-मीटर येते. चाक तेच, टॉर्क तोच, सरासऱ्या मात्र दोन, आणि दोन्ही खऱ्या! सुरुवातीला टॉर्क कमी असताना चाक रेंगाळतं, त्यामुळे तो काळ वेळेच्या हिशेबात भरपूर धरला जातो, कोनाच्या हिशेबात मात्र जेमतेम. ३० हा आकडा काळाच्या सूत्रात घातला तर वेग ६ येतो, म्हणजे चूक. तोच ऊर्जेच्या सूत्रात घातला तर ω² = 2 × 30 × 5.33 / 20 = 16, म्हणजे पुन्हा ४.

हा काळ आणि अंतर यांच्यातला गोंधळ फार जुना आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी सांगितलं होतं की वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला, तर कापलेलं अंतर शेवटच्या वेगाच्या निम्म्या वेगाने कापलेल्या अंतराइतकंच असतं. पॅरिसच्या निकोल ओरेमने याची आकृती काढली. पायावर काळ, उभा वेग, आणि तयार झालेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. संकलनाची खूण जन्माला यायच्या तीनशे वर्षं आधी आलेखाखालच्या क्षेत्रफळाची कल्पना इथे दिसते.

गॅलिलिओ मात्र आधी अडखळला. १६०४ साली पाओलो सार्पीला लिहिलेल्या पत्रात त्याने पडत्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं गृहीत धरलं होतं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने ते सोडून दिलं आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो असं मांडलं. अंतराची कल्पना टाकून देण्यासाठी त्याने दिलेला युक्तिवाद काही तितका भक्कम नव्हता. खरं कारण आज एका ओळीत सांगता येतं. वेग अंतराच्या प्रमाणात असेल आणि अंतर शून्य असेल तर वेगही शून्य, आणि वेग शून्य असेल तर अंतर शून्यावरून हलणारच नाही. स्थिर वस्तू कायम स्थिर राहील. ही अडचण पुढे लोखंडाच्या चाकांत जशीच्या तशी भेटते.

बदलत्या बलाचा प्रश्न न्यूटनने १६८७ साली थेट हाताळला. 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातल्या ३९व्या प्रमेयात तो विचारतो की केंद्राकडे ओढणारं बल अंतराप्रमाणे कसंही बदलत असेल, तर सरळ रेषेत पडणाऱ्या वस्तूचा प्रत्येक ठिकाणचा वेग किती? बलाचा वक्र अंतरावर काढायचा. त्याखालच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग असतो, हे त्याचं उत्तर. फ्लायव्हीलच्या भाषेत हे ½Iω² = ∫T dθ आहे, आणि ω = (1/I)∫T dt हे त्याचं काळातलं भावंड. म्हणजे क्षेत्रफळं दोन आहेत. काळावरचं क्षेत्रफळ वेग देतं, अंतरावरचं वेगाचा वर्ग देतं. 'गतीचं खरं माप वेग की वेगाचा वर्ग' हा लाइबनित्सने १६८६ साली पेटवलेला वाद कित्येक दशकं चालला. माझ्या मते त्या वादाचं बरंचसं मूळ या दोन क्षेत्रफळांत आहे.

चाकासाठी आणखी एक गोष्ट लागत होती. वस्तुमानाच्या जागी काय ठेवायचं? हायगेन्सने १६७३ साली लंबकाचा अभ्यास करताना प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग अशा बेरजा वापरल्या. ऑयलरने त्या बेरजेला स्वतंत्र राशीचं स्थान दिलं आणि १७६५ सालच्या घन वस्तूंच्या गतीवरच्या ग्रंथात तिचा पद्धतशीर सिद्धांत मांडला. यामुळे चाकाचा आकार एका संख्येत बंद झाला आणि कोनीय त्वरणाचं गणित सरळ रेषेतल्या गणितासारखं सोडवता येऊ लागलं. अट एकच, ती संख्या फिरताना बदलता कामा नये. नुसत्या चाकासाठी हे खरं आहे. पिस्टन आणि दांडा जोडल्यावर मात्र ते पूर्ण खरं राहत नाही, पण चाक पुरेसं जड असेल तर तो फरक किरकोळ ठरतो.

इथवर सगळं कागदावर होतं. टॉर्क खरोखर बदलताना लोकांनी पाहिला तो वाफेच्या इंजिनात. १७८०च्या दशकात वॉटची इंजिनं पाणी उपसण्याबरोबर चाकंही फिरवू लागली, आणि पिस्टनचा पुढे-मागे होणारा जोर चाकाला प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त मिळू लागला. वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६च्या सुमारास दाबमापकाला पेन्सिल जोडली आणि तिच्याखाली पिस्टनबरोबर सरकणारी पाटी ठेवली. वाफेचा दाब पेन्सिलला वर-खाली नेई, पिस्टनची जागा कागदाला आडवी सरकवी. उमटलेल्या बंद वक्राचं क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यातलं कार्य. ही युक्ती वॉटच्या कंपनीने बरीच वर्षं गुपित ठेवली होती.

त्या कागदावर काळ कुठेच नाही, हे लक्षात घ्यायला हवं. आडव्या अक्षावर पिस्टनची जागा आहे, म्हणजे दांड्यामार्फत चाकाचा कोन. इंजिनिअरच्या हातात आपोआप न्यूटनचं अंतरावरचं क्षेत्रफळ आलं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातलं फ्लायव्हीलचं गणित कार्य आणि ऊर्जेच्या अंगाने वाढलं. १८२९ साली कोरिऑलिसने यंत्रांवरच्या पुस्तकात वेगाच्या वर्गाला ½ जोडला तो याच कारणाने. क्षेत्रफळ आणि साठलेली ऊर्जा यांचा हिशेब जुळायला हवा होता. १८५४ सालच्या आम्सलरच्या प्लॅनिमीटरने वक्रावरून सुई फिरवली की क्षेत्रफळ चाकावर वाचता येऊ लागलं.

पण कोनावरच्या क्षेत्रफळात एक खाच आहे, आणि ती नेमकी स्थिर अवस्थेतून सुरुवात करतानाच लागते. समजा टॉर्क T = 40 sin θ आहे. पिस्टनचा दांडा आणि क्रँक एका रेषेत आले की θ शून्य, टॉर्कही शून्य. याला डेड सेंटर म्हणतात. आपल्या २० जडत्वाच्या चाकासाठी सूत्र सांगतं:

```
ω = √( 2·40·(1 − cos θ) / 20 )
```

अर्धा फेरा झाल्यावर वेग २.८३ रेडियन प्रति सेकंद. सूत्र बरोबर आहे, पण तिथे पोहोचायला वेळ किती लागेल हे ते सांगत नाही. चाक नेमकं शून्यावर उभं असेल तर उत्तर 'अनंत' आहे. गॅलिलिओने टाकून दिलेला नियम इथे हजर होतो, कारण शून्याजवळ वेग कोनाच्याच प्रमाणात निघतो. चाक किंचित सरकवून ठेवलं तर कोन आधी रांगतो आणि मग झपाट्याने वाढतो. सुरुवातीचा कोन दहापट लहान केला की दर वेळी साधारण १.६ सेकंद जास्त लागतात. घर्षण असेल तर लहान कोनावर चाक हलतच नाही.

पायाच्या शिलाई मशीनवर बसलेले शिंपी म्हणूनच पायडल दाबायच्या आधी हाताने चाकाला झटका देतात. मोठ्या वाफेच्या इंजिनांच्या फ्लायव्हीलच्या कडेला पहारी घालायला भोकं किंवा दाते असत. इंजिन डेड सेंटरवर थांबलं की माणसं पहार लावून चाक थोडं पुढे ढकलत आणि मग वाफ सोडत. रेल्वेच्या इंजिनात दोन सिलिंडरांचे क्रँक ९० अंशांनी मागेपुढे ठेवले, म्हणजे एक शून्यावर असताना दुसरा पूर्ण जोरात असतो.

विजेच्या मोटारी आल्यावर प्रश्न तिसऱ्यांदा बदलला. मोटारीचा टॉर्क प्रामुख्याने वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे ∫T dt थेट करता येत नाही. T ठरवायला आधी ω हवा, आणि तोच तर काढायचा आहे. यावर उपाय म्हणजे समीकरण उलटवणं. dt = I dω / T असं लिहायचं, I/T चा आलेख वेगावर काढायचा आणि त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे लागलेला वेळ. मोटारीचा वक्र सूत्रात बसत नसला तरी चालतं, चौकटीच्या कागदावर चौकोन मोजून उत्तर निघतं. चाकावर भार असेल तर T म्हणजे मोटारीच्या टॉर्कमधून भाराचा टॉर्क वजा करून उरलेला.

तेच चाक घेऊन T = 40 − 4ω धरू. शून्यापासून ५ रेडियन प्रति सेकंदापर्यंत जायला ५ × ln 2, म्हणजे सुमारे ३.५ सेकंद. पाचवरून साडेसातवर जायला पुन्हा ३.५, आणि तिथून पावणेनऊवर जायला आणखी ३.५. दर टप्प्यात १० पर्यंत उरलेल्या वेगाच्या फरकाचं निम्मं भरून निघतं आणि १० रेडियन प्रति सेकंद गाठलेच जात नाहीत, कारण तिथे छेद शून्य होतो आणि आलेख आभाळाला भिडतो. म्हणून मोटारीची सुरू होण्याची वेळ सांगताना अंतिम वेगाच्या किती टक्क्यांपर्यंतची वेळ हे सोबत सांगावं लागतं. ९५ टक्के म्हटलं तर या चाकाला १५ सेकंद लागतात, ९९ टक्के म्हटलं तर २३.