आम्ल आणि पित्तातून वाचलेला जिवाणू प्रोबायोटिक ठरतो का?

इडली प्रोबायोटिक असते, असं सांगणारा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. पीठ आंबताना त्यात ल्युकोनॉस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू जोमाने वाढतात, हे खरं. पण तेच पीठ आपण नंतर दहा-बारा मिनिटं वाफवतो आणि त्या वाफेत त्यांच्यातला जवळपास कुणीच वाचत नाही. इडली पचायला हलकी आहे, चवीला छान आहे; जिवंत जिवाणू आतड्यापर्यंत पोचवणं मात्र तिला जमत नाही. उकळी आलेल्या कढीचंही तेच.

प्रोबायोटिक कशाला म्हणायचं, हे २००१ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा शहरात जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवून टाकलं. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत आणि त्यांनी आरोग्याला काही फायदा व्हायला हवा. यातली तिसरी अट सगळ्यात अवघड. फायदा माणसांवरच्या चाचणीत दिसायला लागतो, आणि तोही ज्या स्ट्रेनवर चाचणी झाली त्याच्याच नावावर जमा होतो.

स्ट्रेन म्हणजे एकाच प्रजातीतला नेमका एक वंश. हा भेद किती मोठा असू शकतो ते पाहायचं तर ई. कोलाय पाहा. या प्रजातीचे काही वंश तुमच्याआमच्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहतात आणि ओ१५७ नावाचा एक प्रकार मूत्रपिंडं निकामी करू शकतो. तेव्हा ‘आमच्या उत्पादनात लॅक्टोबॅसिलस आहे’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. घरच्या विरजणातही जिवाणू असतात, पण कोणते आणि किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. म्हणून घरचं दही उत्तम अन्न असलं तरी या व्याख्येत बसत नाही. (‘फक्त देशी गाईच्या दुधाच्या दह्यातच खरे प्रोबायोटिक असतात’ हा दावा तर सोडूनच द्या. दुधात कोणते जिवाणू वाढणार हे विरजण आणि तापमान ठरवतं. गाईचं वशिंड पाहून जिवाणू येत नाहीत.)

आता एका स्ट्रेनची गोष्ट. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले शेरवूड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असा जिवाणू शोधत होते, जो जठरातल्या आम्लातून आणि पित्तातून वाचेल आणि आतड्याच्या अस्तराला काही काळ चिकटून राहील. दह्यात नेहमी वापरले जाणारे जिवाणू या कसोट्यांवर टिकत नव्हते. अखेर निरोगी माणसाच्या विष्ठेतून १९८३ साली त्यांना हवा तो जिवाणू मिळाला. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन त्याला लॅक्टोबॅसिलस ऱ्हामनोसस जीजी, थोडक्यात एलजीजी, म्हणू लागले. २०२० साली या गटाची फेरमांडणी झाल्यापासून त्याचं पहिलं नाव लॅक्टीकेसीबॅसिलस झालं आहे. डब्यांवर दोन्ही नावं दिसतात, जिवाणू एकच.

आता तो आम्लातून वाचतो कसा, ते पाहू. मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वात आवडतो.

पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. दह्याचा पीएच साधारण साडेचार, आणि रिकाम्या जठराचा दीड ते दोन. म्हणजे दह्यात सुखाने राहणाऱ्या जिवाणूला जठरात काहीशे पट जास्त आम्लाला तोंड द्यावं लागतं. आम्ल म्हणजे मोकळे प्रोटॉन. बाहेर त्यांची गर्दी झाली की ते पेशीच्या पटलातून आत झिरपू लागतात. आतला पीएच उतरला की विकरं काम थांबवतात, प्रथिनं आपला आकार सोडतात, डीएनएची मोडतोड होते. बाहेरचं आम्ल थांबवणं जिवाणूच्या हातात नसतं. आत आलेले प्रोटॉन बाहेर फेकत राहणं मात्र असतं. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं तसं.

हे उपसण्याचं काम पेशीच्या पटलात बसवलेलं एक फिरतं यंत्र करतं. त्याचं नाव एफझिरो-एफवन एटीपेज. शाळेतल्या पुस्तकात आपण याचाच भाऊबंद पाहिलेला असतो. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात प्रोटॉन या यंत्रातून एका दिशेने वाहतात, त्यांच्या जोराने ते फिरतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतं. लॅक्टोबॅसिलसचं पोट मुख्यतः साखर आंबवण्यावर भरतं, श्वसनाची ती साखळी त्याला सहसा लागतच नाही. त्यामुळे त्याच्याकडे हे यंत्र उलटं चालतं: एटीपी खर्च होतं आणि त्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर ढकलले जातात. एका एटीपीमागे जेमतेम तीन-चार प्रोटॉन. बाहेर प्रोटॉनचा समुद्र असताना हा व्यवहार चांगलाच महागात पडतो.

मग प्रश्न असा की जठरात हे एटीपी आणायचं कुठून? आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचं उत्तर मिळतं. त्यांनी एलजीजीला पीएच २ च्या कृत्रिम जठररसात ९० मिनिटं ठेवलं. एका रसात ग्लुकोज नव्हतं, दुसऱ्यात होतं, तेही फार नाही, जास्तीत जास्त लिटरमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. ग्लुकोज जितकं जास्त तितके जिवाणू जास्त वाचले, आणि शेवटी फरक दहा लाख पटींपर्यंत गेला. साखर नुसती अंगाभोवती राहून त्यांना वाचवते, अशी शंका घेता येईल. पण जी साखर जिवाणूला आम्लात असताना नीट वापरता येत नव्हती, तिचा तसा उपयोग झाला नाही. शिवाय साखर फोडण्याच्या साखळीतलं एक विकर रसायनाने बंद पाडल्यावर, ग्लुकोज समोर असूनही जिवाणू धडाधड मेले. साखर फोडायची, एटीपी मिळवायचं, पंप चालू ठेवायचा, असा हा हिशोब.

म्हणूनच ‘आमचे ९९ टक्के जिवाणू आम्लात टिकतात’ अशी जाहिरात वाचली की मी आधी विचारतो, कोणत्या आम्लात? पीएच ३ ला अर्धा तास ठेवणं आणि पीएच २ ला दीड तास ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रसात साखर होती की नव्हती, यानेही निकाल पालटतो. जेवणानंतर जठराचा पीएच काही काळ चार-पाचपर्यंत चढतो, तेव्हा भरल्या पोटी जिवाणूची वाट सोपी होते. (यावरून प्रोबायोटिकची गोळी साखरेच्या पाकात घोळवून घ्यायला सुरुवात करू नका.)

जठरातून सुटका झाली की लहान आतड्याच्या तोंडाशी पित्त असतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून पित्तक्षार तयार करतं. त्यांचं काम साबणासारखं, म्हणजे चरबीचे बारीक थेंब करणं. पण पेशीचं पटलही चरबीचंच असल्यामुळे जिवाणूलाही हा साबण विरघळवतो. लॅक्टोबॅसिलसांपैकी काही जण आत शिरलेले क्षार पंपांनी बाहेर टाकतात. अनेकांकडे शिवाय एक विकर असतं, जे ग्लायसिन किंवा टॉरिनची जोडणीच कापून टाकतं. उरलेलं पित्ताम्ल पाण्यात कमी विरघळतं, सौम्य आम्लात साक्यासारखं खाली बसतं आणि त्याचा साबणपणा बराच उतरतो. इथे एक मेख आहे. हे कापलेलं पित्ताम्ल दुर्बळ आम्ल असल्याने पटलातून सहज आत शिरतं आणि आत जाऊन प्रोटॉन सोडतं. म्हणजे पुन्हा तोच उपसा, तोच पंप. त्यामुळे या विकराचा जिवाणूला निव्वळ फायदा किती, हे प्रत्येक स्ट्रेनसाठी वेगळं तपासावं लागतं.

टिकलं तरच उपयोग, असंही सरसकट नाही. दुधातली साखर न पचणाऱ्या माणसाला दही बरंच सोसतं. त्यामागे दह्यातल्या ज्या जिवाणूंचा हात असतो, ते पित्ताला फारसे टिकत नाहीत. पित्ताने त्यांचं पटल सैल झालं की आतलं लॅक्टोज फोडणारं विकर कामाला लागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली दह्याच्या जिवंत जिवाणूंबद्दलचा हा दावा मान्य केला. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ छापाचे प्रोबायोटिकचे कितीतरी दावे तिने फेटाळले आहेत.

उलटही घडतं. आम्ल आणि पित्त दोन्ही पार करूनही जिवाणूचा उपयोग होईलच असं नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. जुलाब-उलट्यांमुळे तातडीच्या विभागात आणलेल्या, तीन महिने ते चार वर्षं वयाच्या ९७१ मुलांपैकी निम्म्यांना एलजीजी दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. मात्रा भरपूर होती: दिवसातून दोनदा, दर वेळी एक हजार कोटी जिवाणू, पाच दिवस. पुढच्या दोन आठवड्यांत मध्यम ते तीव्र त्रास झाला एलजीजी घेतलेल्या ११.८ टक्के मुलांना आणि निष्क्रिय पूड घेतलेल्या १२.६ टक्के मुलांना. जुलाब थांबायला लागलेला वेळ अनुक्रमे ४९.७ आणि ५०.९ तास. म्हणजे फरक नाहीच. त्या परिस्थितीतल्या त्या मुलांच्या त्या आजारात एलजीजी उपयोगी पडलं नाही, एवढा या निकालाचा अर्थ आहे. इतर आजारांबद्दल त्यातून काही ठरत नाही.

आणि आपल्याकडचं एक उदाहरण नेमकं दुसऱ्या बाजूचं. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर चाचणी झाली, तिचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या प्रजातीचा एक ठरावीक स्ट्रेन आणि सोबत त्याचं खाद्य म्हणून एक शर्करा, अशी मात्रा सात दिवस दिली गेली. जंतुसंसर्गाने रक्त दूषित होणं किंवा मृत्यू, हे दोन्ही मिळून निष्क्रिय पूड घेतलेल्या बाळांमध्ये ९ टक्के होतं आणि स्ट्रेन घेतलेल्यांमध्ये ५.४ टक्के. ही बाळं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची आणि आईच्या दुधावरची होती. हा निकाल उचलून अपुऱ्या दिवसांच्या, अतिदक्षता विभागातल्या बाळाला कुठलीही पूड पाजायला गेलं तर धोका आहे. तिथे जिवंत जिवाणू रक्तात उतरून बाळाला गंभीर संसर्ग झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

दुकानात डबा हातात घेतल्यावर प्रजातीच्या नावापुढे अक्षरं किंवा आकडे आहेत का ते पाहावं. तेच स्ट्रेनचं नाव. ते नसेल तर त्या डब्यावरचा दावा कोणत्या चाचणीशी ताडून पाहणार? आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत असं ठरवलं आहे. वरच्या अमेरिकन चाचणीत दिवसाला याच्या दोनशेपट दिले होते, हे लक्षात असू द्यावं. शिवाय डब्यावरचा आकडा ‘बनवताना’चा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हेही बारीक अक्षरांत शोधावं. दुकानदाराने भर मे महिन्यात खोका टेम्पोतून उतरवून दुपारभर फुटपाथवर ठेवला असेल, तर बनवतानाचा आकडा काहीही असला तरी आत जिवंत किती उरले असतील, याची खात्री कुणी देऊ शकणार नाही.