आम्ही की आपण?

बेळगावच्या स्टँडवर तिघीजणी खानापूरची बस पकडतात. कंडक्टरला त्या सांगतात, “आम्ही तिघी, खानापूर.” लगेच एकमेकींकडे वळून म्हणतात, “चला, आपण मागं बसू.” माणसं तीच तिघी, फक्त ऐकणारा बदलला. कंडक्टर त्यांच्यात नाही म्हणून ‘आम्ही’, मैत्रीण त्यांच्यातलीच म्हणून ‘आपण’.

इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘वी’च येतं. आपल्या शेजारच्या कन्नडातही आज एकच ‘नावु’ आहे. बरोबर यायला सांगायचं असलं की कन्नडात ‘होगोण’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘जाऊया’. पण साध्या वाक्यात ‘नावु’ कुणाकुणाला धरून आहे, ते संदर्भावरूनच ओळखावं लागतं. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र आधी ठरवावं लागतं: ऐकणारा आत आहे की बाहेर?

मागे मी एका पतसंस्थेची इंग्रजी नोटीस मराठीत केली होती. पहिलं वाक्य संचालक मंडळाचं होतं: कर्जाचा व्याजदर वाढवायचं ठरवलं आहे. सगळे सभासद आपलेच, असं मनात धरून मी ‘आपण ठरवले आहे’ लिहिलं. वडगावचे एक वयस्कर सभासद नोटीस घेऊन आले आणि म्हणाले, “आम्ही कधी ठरवलं? आम्हाला विचारलं कुणी?” त्यांचं बरोबर होतं. ठरवणारे संचालक होते, वाचणारे सभासद त्यात नव्हते. तिथे ‘आम्ही ठरवले आहे’च हवं होतं. शेवटचं वाक्य वेगळं होतं: रविवारच्या सभेत यावर चर्चा करू. चर्चेला सभासदही असणार, म्हणून तिथे ‘आपण’. एकाच नोटिशीत, चार ओळींच्या अंतरावर, त्याच ‘वी’ची दोन भाषांतरं झाली.

तेव्हापासून मी प्रत्येक ‘वी’पुढे मनात ‘तुम्हीसुद्धा’ जोडून बघते. वाक्य खरं राहिलं तर ‘आपण’, खोटं पडलं तर ‘आम्ही’. संविधानाच्या उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक’ आहे, तेही याच हिशेबानं पटतं: तिथे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, जगासमोर जाहीर करतात. देवाला ‘आम्हाला सांभाळ’ म्हणतो, कारण सांभाळणारा देव त्या ‘आम्हा’त नसतो.

‘आपण’ला आणखी एक अडचण आहे: तो आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो. ‘आपण आलो’ आणि ‘आपण आलात’ यांत क्रियापद सोडवणूक करतं. पण ‘आपण अर्ज भरला आहे’ यात कुणी भरला, वाचणाऱ्यानं की सगळ्यांनी मिळून? अशा वेळी मी समोरच्यासाठी सरळ ‘तुम्ही’ वापरते, किंवा ‘आपण सर्वांनी’ असं फोडून लिहिते. ‘आम्ही आपला निर्णय कळवत आहोत’ हेही तसंच. निर्णय संस्थेचा असेल तर ‘आमचा’ लिहावं, नाहीतर वाचणाऱ्याला तो स्वतःचा वाटतो.

आणि खरंच कळत नसेल की ‘वी’त कोण कोण आहे, तर मूळ लिहिणाऱ्यालाच विचारावं. ‘रविवारी भेटू’सारख्या वाक्यात सर्वनाम गाळून भागतं, पण ‘ठरवलं’ म्हटलं की कुणी ठरवलं, हे सांगावंच लागतं.