प्रपोजल लावायला देताय? आधी गॅप बाहेर काढा

पीएचडी प्रपोजलचा ड्राफ्ट बॅकग्राउंड, गॅप, प्रश्न, मेथड्स, टाइमलाइन आणि अपेक्षित फलित अशा सहा हेडिंगखाली लावून घ्यायला आमच्याकडे येतो आणि पाठोपाठ फोन, "अहो, सहा हेडिंगंच तर टाकायची आहेत, एवढा वेळ कशाला?" हेडिंगं टाकायला वेळ लागतच नाही हो, वेळ जातो गॅप शोधण्यात, कारण बहुतेक ड्राफ्टमध्ये तो बॅकग्राउंडच्या पोटात कुठेतरी दडलेला असतो, नाहीतर "या विषयावर फारसं काम झालेलं नाही" एवढ्या एका वाक्यावर भागवलेलं असतं. काम झालं नाही हा गॅप नाही. जे झालंय त्यातून नेमकं काय कळत नाही, ते सांगा.

उदाहरण म्हणून विषय घेऊ, रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसची झोप. पाळ्यांमुळे झोप बिघडते हे माहीत आहे, ते बॅकग्राउंड. समजा तुम्ही वाचलेल्या अभ्यासांमध्ये एकदाच प्रश्नावली भरून घेतली आहे, तर सलग रात्रपाळ्या संपल्यावर झोप किती दिवसांत पूर्ववत होते हे त्यातून कळणार नाही. हा झाला गॅप, आणि प्रश्नही त्यातूनच निघतो: किती दिवसांत, आणि सलग किती रात्री केल्या त्यावर ते बदलतं का?

आता मेथड्समध्ये पिट्सबर्ग झोप प्रश्नावली लिहिलीय. चांगलं साधन आहे, पण ती मागच्या महिन्याभराच्या झोपेबद्दल विचारते, मग रोजचा फरक त्यात दिसणार कसा? इथे रोजची झोपेची डायरी हवी, जमल्यास हालचालींवरून झोप नोंदवणारं मनगटावरचं अ‍ॅक्टिग्राफ. गॅप बॅकग्राउंडमध्ये मिसळलेला असेपर्यंत ही चूक कुणाच्या नजरेत येत नाही, वेगळा काढला की लगेच दिसते. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्याला सहापैकी एका हेडिंगची खूण करतो, ज्याला दोन खुणा लागतात ते वाक्य तोडतो, आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याची मेथड मांडून बघतो. एखाद्या प्रश्नासमोर जागा रिकामी राहिली तर तुम्हाला विचारतो, मनाने भरत नाही. संशोधन तुमचं आहे, व्हायव्हाला उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

टाइमलाइनमध्ये एकच बघा, एथिक्स कमिटीची मंजुरी येण्याआधी डेटा गोळा करणं दाखवू नका. आणि अपेक्षित फलितात "झोप बिघडलेली आढळेल" असा निकाल आधीच लावू नका (तसं वाटत असेल तर ते गृहीतक, त्याची जागा प्रश्नांजवळ), हाती काय येईल ते लिहा, जसं की झोप सावरण्याचा दिवसवार आलेख, ड्यूटी रोस्टर लावताना वापरता येईल असा.

तर ड्राफ्ट आहे तसा पाठवा, स्वतः हेडिंगखाली कापून चिकटवू नका, कारण त्यात संदर्भ एकीकडे आणि वाक्य दुसरीकडे जातं आणि ते जुळवण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. गाइडच्या कमेंट्स काढून टाकू नका आणि विद्यापीठाचा फॉरमॅट असेल तर तोही जोडा. आधी एका पानाचा आराखडा येईल, त्याला तुम्ही हो म्हणालात की मगच पुढचं काम आणि पुढचं बिल.