आधी दाई, मग खलिफा: फातिमी सत्तेची पार्श्वभूमी

बहुतेक राजघराणी आधी राज्य मिळवतात आणि मग धर्मप्रचाराला आश्रय देतात. उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याचं उलट झालं. नवव्या शतकात इस्माइली या शिया पंथाचे इमाम, म्हणजे धर्मप्रमुख, सीरियातल्या सलमिया गावात व्यापारी म्हणून ओळख लपवून राहत होते. बगदादच्या अब्बासी खलिफांची नजर चुकवत त्यांचे दाई, म्हणजे प्रचारक, येमेनपासून सिंधपर्यंत फिरत. नव्या माणसाकडून गुप्ततेची शपथ घेतली जाई आणि शिकवण टप्प्याटप्प्यानं उघड केली जाई.

या जाळ्यातला सर्वांत यशस्वी माणूस अबू अब्दुल्ला. येमेनमध्ये तयार झालेला हा दाई 892 मध्ये हजच्या वेळी मक्केत कुतामा जमातीच्या बर्बर यात्रेकरूंना भेटला. त्यानं धर्माच्या गप्पा तर केल्याच, पण तुमच्यावर सुलतानाची हुकमत किती चालते, शस्त्रं बाळगता का, हेही सहज विचारून घेतलं. आपण इजिप्तला मुलं शिकवायला निघालोय, असं त्यानं सांगितलं होतं. शेवटी यात्रेकरूंनीच त्याला आपल्या मुलखात, आजच्या अल्जीरियाच्या डोंगरात, यायचा आग्रह केला. पुढची सोळा वर्षं त्यानं तिथे शिकवलं, भांडणं मिटवली, फौज उभी केली. 909 मध्ये त्यानं ट्युनिशियातली अघलबी घराण्याची राजधानी रक्कादा घेतली.

ज्याच्या नावानं हे सगळं चाललं होतं तो इमाम तेव्हा मोरोक्कोतल्या सिजिलमासात नजरकैदेत होता. अबू अब्दुल्लानं फौज नेऊन त्याला सोडवलं आणि 910 मध्ये तो अल-महदी म्हणून खलिफा झाला. पुढच्याच वर्षी, 911 मध्ये, त्यानंच अबू अब्दुल्लाला ठार करवलं. स्वतःच्या शब्दावर जमात उभी करणारा माणूस गादीला परवडणारा नव्हता, हे उघड आहे.

969 मध्ये इजिप्त जिंकून फातिमींनी कैरो वसवलं, आणि प्रचार हे सरकारी खातं झालं. मुख्य दाई दीक्षित अनुयायांसाठी राजवाड्यात प्रवचनं वाचे. मजकूर आधी खलिफाला दाखवावा लागे. तरीही इजिप्तची बहुसंख्य प्रजा सुन्नीच राहिली. जबरदस्तीनं धर्मांतर हा सहसा या घराण्याचा मार्ग नव्हता. खरी कमाई राज्याच्या सीमेबाहेर झाली: इराणमध्ये, येमेनमध्ये आणि तिथून गुजरातच्या व्यापारी बंदरांत.

1094 मध्ये वारसावरून फूट पडली. निजारी शाखेनं इराणमधल्या अलमूत किल्ल्यावरून वेगळा कारभार मांडला. आगाखानांचे अनुयायी खोजा हे त्यांच्यातले. दुसऱ्या बाजूचा एक गट पुढे कैरोपासूनही तुटला. तय्यिब हा बालइमाम अज्ञातवासात आहे असं मानून येमेनच्या या लोकांनी सगळा अधिकार ‘दाई अल-मुतलक’ या पदाकडे दिला. त्यामुळे 1171 मध्ये सलाहुद्दीननं फातिमी खिलाफत बुडवली तेव्हा त्यांचं काही अडलं नाही. सोळाव्या शतकात ते पद गुजरातेत आलं. याच परंपरेतल्या दाऊदी बोहरांच्या दाईंचं मुख्य ठाणं आज मुंबईत आहे.