दोन मिठं मिसळली की क्लोराइड किती? या साध्या गणितामागची जवळपास शंभर वर्षं

अकरावी-बारावीला, सीईटीला, नीटला हमखास येणारा प्रश्न घ्या. २०० मिली ०.१५ M NaCl आणि ३०० मिली ०.१० M CaCl2 एकत्र केलं, तर क्लोराइड आयनची मोलॅरिटी किती? बरीच पोरं इथे M1V1 = M2V2 लावायला जातात आणि अडकतात, कारण तो फॉर्म्युला नुसतं पाणी घालून पातळ करताना चालतो, इथे तर दोन्ही बाजूंनी क्लोराइड येतंय. मग मोल मोजायचे. पहिल्यातून ०.०३० मोल, दुसऱ्यातून ०.०३० मोल CaCl2 म्हणजे क्लोराइड त्याच्या दुप्पट, ०.०६० मोल. एकूण ०.०९० मोल, व्हॉल्यूम अर्धा लिटर, उत्तर ०.१८ M. सोडियम ०.०६ M आणि कॅल्शियमही ०.०६ M. आता चार्ज जुळतोय का बघा: ०.०६ अधिक दोनदा ०.०६ म्हणजे ०.१८, निगेटिव्ह बाजूलाही ०.१८. जुळलं. नुसती सरासरी काढली असती तर ०.१७५ आलं असतं, म्हणजे इतकं जवळ की चुकलंय हे कळलंही नसतं, आणि तरी ते चूकच, कारण व्हॉल्यूम सारखे नाहीत.

हे सगळं आज दोन मिनिटांत होतं. पण यातलं "CaCl2 ०.१० M म्हणजे क्लोराइड ०.२० M" हे जे वाक्य आपण डोळे झाकून लिहितो ना, ते खरं ठरायला खूप वेळ लागला, आणि गंमत म्हणजे क्षार पाण्यात आयनांमध्ये फुटतात ही थिअरी ज्याच्या नावावर आहे त्या अऱ्हेनियसलाही ते जसंच्या तसं मान्य झालं नसतं.

पातळ करायचं गणित मात्र जुनं, तेव्हा आयन कोणाला ठाऊकही नव्हते. १८३० च्या आसपास पॅरिसच्या टांकसाळीत चांदीचा कस ठरवायला गे-ल्युसॅकने मिठाचं सोल्युशन वापरायला सुरुवात केली, कारण भट्टीत तापवून कस काढायच्या जुन्या पद्धतीत थोडी चांदी वाया जायची आणि आकडा कमी यायचा. त्याने मीठ असं मोजून विरघळवलं की १०० मिलीमध्ये बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसावी. मग तेच सोल्युशन दहापट पातळ करून दुसरं बनवलं, त्याच्या १ मिलीला १ मिलिग्रॅम चांदी. आधी घट्ट सोल्युशनने जवळजवळ सगळी चांदी काढायची, बाटली जोरात हलवायची, पांढरा साका बसू द्यायचा, मग पातळ सोल्युशन एकेक मिली टाकत बघायचं की वरच्या नितळ पाण्यात अजून ढग उठतोय का. उठायचा थांबला की संपलं. आजच्या भाषेत ते पहिलं सोल्युशन साधारण ०.०९३ M मीठ होतं, पण मोल बिल कोण म्हणतंय तेव्हा, सरळ ग्रॅमला ग्रॅम.

खरं कोडं टाकलं हेसने, सेंट पीटर्सबर्गमध्ये, १८४० च्या सुमारास. हेस म्हणजे तोच, उष्णतेच्या नियमावाला. त्याला दिसलं की दोन न्यूट्रल क्षारांची पातळ सोल्युशन्स एकत्र केली आणि साका पडला नाही, तर थर्मामीटर जवळपास हलतच नाही. आता विचार करा, NaNO3 आणि KCl मिसळलं, आणि दुसरीकडे NaCl आणि KNO3 मिसळलं, प्रमाण सारखं ठेवून. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे क्षार पाण्यातही अखंड, मग मिसळल्यावर अदलाबदल व्हायला हवी, जुने बंध तुटणार, नवे जुळणार, आणि उष्णता काहीच नाही? आणि तयार झालेली दोन्ही सोल्युशन्स कुठल्याही टेस्टने वेगळी ओळखू येत नाहीत. उत्तर आज सोपं वाटतं: अदलाबदल झालीच नाही, चारही आयन आधीच सुटे होते, आपण फक्त एका भांड्यात ओतले. पण हे म्हणायला त्यानंतर चाळीसेक वर्षं गेली.

कारण फॅरेडेच्या काळापासून समज असा की आयन करंटमुळे तयार होतात. क्लॉसियसने १८५७ मध्ये थोडेसे रेणू आधीच फुटलेले असतात इतपत कबूल केलं. १८८४ मध्ये उप्सालाला स्वान्ते अऱ्हेनियसने विजेच्या वहनावर थिसिस दिला, तर परीक्षकांनी त्याला कसाबसा पास होण्याइतका दर्जा दिला. १८८७ मध्ये त्याने सरळ मांडलं की क्षार पाण्यात पडल्या पडल्या फुटतो. लोकांचा आक्षेप अगदी रास्त होता: सोडियम पाण्यात टाकलं तर भडका उडतो, क्लोरीन हिरवट आणि घाण वासाचा, मग मिठाच्या पाण्यात ते सुटे फिरत असते तर आपण जेवलो कसे असतो? चार्ज लागल्यावर अणूचा सगळा स्वभावच बदलतो, हे पचायला वेळ लागला.

त्याच्या बाजूने आकडे आले थंडीतून. ०.१ मोलल साखरेचं पाणी शून्याखाली साधारण ०.१९ डिग्रीला गोठतं, तेवढंच मीठ घातलं तर ०.३५ ला, आणि CaCl2 घातलं तर अर्धा डिग्री. कणांची संख्या दुप्पट, तिप्पट असल्यासारखं. व्हॅन्ट हॉफला आपल्या समीकरणात जो i नाइलाजाने घुसवावा लागला होता, त्याचा अर्थ इथे लागला.

पण नीट बघा, ०.३५ हे दुप्पट नाही, थोडं कमी आहे. विजेच्या मोजमापातूनही तेच यायचं, म्हणून अऱ्हेनियसचा हिशेब असा की ०.१ M मीठ फक्त ८५ टक्क्यांच्या आसपास फुटतं आणि पातळ करत गेलं की टक्का वाढतो. व्हिनेगरसारख्या वीक अ‍ॅसिडला ऑस्टवाल्डचा १८८८ चा डायल्यूशन नियम यावरून झकास लागू पडला. मिठाला लावला की मात्र कॉन्स्टंट कॉन्स्टंट राहीना, दर पातळीला वेगळा आकडा. इथे आपला एक माणूस येतो, ज्ञानचंद्र घोष. १९१८ मध्ये त्यांनी मांडलं की स्ट्राँग क्षार पूर्णच फुटतात, कमी भासतं ते आयनांच्या आपसातल्या ओढीमुळे. त्यांच्या मॉडेलमध्ये आयन जाळीत मांडल्यासारखे धरले होते आणि ते टिकलं नाही, १९२३ मध्ये डेबाय आणि ह्यूकेलने प्रत्येक आयनभोवती उलट चार्जचा विरळ घोळका असतो असं धरून गणित बसवलं, पण पूर्ण फुटण्याचा मुद्दा राहिला. आपलं वरचं ०.१८ M त्या राहिलेल्या मुद्द्यावर उभं आहे. अऱ्हेनियसच्या टक्क्याने काढलं असतं तर सुटे क्लोराइड बरेच कमी आले असते.

आणि ती ओढ अजूनही दिसते बरं का. त्याच सोल्युशनमध्ये क्लोराइडचं इलेक्ट्रोड बुडवलं तर ते ०.१८ पेक्षा कमी दाखवेल, कारण ते अ‍ॅक्टिव्हिटी मोजतं, म्हणजे त्या ओढीमुळे क्लोराइड प्रत्यक्षात जितकं असल्यासारखं वागतं तो आकडा. इलेक्ट्रोड बिघडलेलं नसतं आणि आपलं गणितही चुकलेलं नसतं.

जिथे साका पडतो तिथे मात्र नुसती बेरीज चालत नाही, परत गे-ल्युसॅकसारखं करावं लागतं. १०० मिली ०.१० M AgNO3 आणि १०० मिली ०.१५ M NaCl घ्या. चांदी ०.०१० मोल, क्लोराइड ०.०१५ मोल. चांदी जवळपास सगळी AgCl होऊन खाली जाते, क्लोराइड उरतं ०.००५ मोल, २०० मिलीमध्ये म्हणजे ०.०२५ M. सोडियम ०.०७५, नायट्रेट ०.०५, चार्ज जुळला. चांदीचं उत्तर शून्य लिहू नका: AgCl चा Ksp १.८ × १०⁻¹⁰, भागिले ०.०२५, म्हणजे सुमारे ७ × १०⁻⁹ M पाण्यात राहतेच.