एसीमागचं घरटं आणि मावशीचा खोकला

रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीला डिसेंबरपासून कोरडा खोकला लागला होता. कफ नाही, तापही फारसा नाही, पण जिना चढताना धाप लागायची. औषधांच्या दोन बाटल्या संपल्या, तरी फरक पडला नाही. शिमग्याला ती आठ दिवस गावी गेली आणि खोकला बराच उतरला. परत आली, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. छातीच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि लगेच विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

"आहेत हो. बेडरूमच्या एसीमागे घरटं आहे. मीच रोज झाडून काढते."

कबुतराच्या विष्ठेमुळे 'इन्फेक्शन' होतं असं आपण सरसकट म्हणतो. काही वेळा ते खरंही असतं. जुन्या, सुकलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते. ती श्वासातून फुफ्फुसात जाते आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचू शकते. मात्र हा धोका मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना असतो. एचआयव्ही असलेले, अवयवरोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे लोक यात येतात.

मावशीच्या फुफ्फुसात जंतू नव्हता. तिला झालेल्या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीत काही प्रथिनं असतात. ती रोज श्वासातून आत गेली की काही जणांचं शरीर त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतं आणि या लढाईत सूज येते ती आपल्याच फुफ्फुसाला. सगळ्यांना असं होत नाही. त्याच घरात काकांना साधी शिंकही आली नव्हती. पण ज्याला होतं, त्याचा संपर्क चालूच राहिला तर सुजेच्या जागी व्रण तयार होतात आणि व्रण पडलेलं फुफ्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून 'गावी गेल्यावर बरं वाटतं' ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. मावशीचं निदान पुढे सीटी स्कॅनने पक्कं झालं, पण दिशा मिळाली ती शिमग्याच्या त्या आठ दिवसांमुळे.

खरी चूक होती ती कोरड्या झाडूची. विष्ठा ओली असते तोवर ती जागच्या जागी राहते. सुकली की झाडूच्या एका फटकाऱ्यात तिची धूळ उडते आणि त्यातले बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. आम्ही साफसफाई केली तेव्हा मावशीला बहिणीकडे पाठवलं. एन९५ मास्क आणि हातमोजे घातले, खिडक्या लावून घेतल्या. साबणाचं पाणी हलक्या फवाऱ्याने मारून थर पूर्ण भिजू दिला आणि मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून पिशवीत भरला. जोराचा पाइप मारायचा नाही, त्याने तुषारांबरोबर घाण उडते. पडदे धुतले, एसीची फिल्टर धुतली. ही प्रथिनं पक्षी गेल्यावरही घरात महिनोन्‌महिने टिकून राहतात.

हे सगळं करायला आम्ही थांबलो मात्र जवळपास महिनाभर, कारण घरट्यात दोन पिल्लं होती. तेवढे दिवस मावशी त्या खोलीत फिरकली नाही. आपलं कबुतर म्हणजे मुळात कड्याकपारीतला पारवा, त्याला एसीमागची फट ही कपारच वाटते. मादी साधारण दोन अंडी घालते, १७ ते १९ दिवस उबवते आणि पुढे महिनाभर नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. त्याआधी जाळी मारली तर पिल्लं आत उपाशी मरतात. उशीर केला तर जोडी पुन्हा अंडी घालते, कधीकधी पहिली पिल्लं उडण्याआधीच. त्यामुळे पिल्लं गेली की त्याच दिवशी जागा बंद करायची.

जाळीची भोकं सुमारे ५० मिलिमीटरची हवीत. दोरा जाड आणि सहज दिसणारा असावा, पातळ तंगूसात पाय अडकून कापला जातो. एसीवर नुसती जाळी पांघरू नये. गॅलरीचं पूर्ण तोंड चारी बाजूंनी ताणून बंद करावं आणि शेवटची कड आवळण्याआधी आत पक्षी राहिला नाही ना, ते पाहावं. मेकॅनिकला आत जाता यावं म्हणून एका बाजूला चेन ठेवावी, नाहीतर तो जाळी कापतो आणि तिथूनच पारवे परत आत शिरतात.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे खारा वारा. साधे लोखंडी हुक लवकर गंजतात, एखादा तुटतो आणि जाळीला झोळ येतो. त्या झोळातून पक्षी आत घुसतो, पण त्याला बाहेर पडता येत नाही. आम्ही ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे हुक लावले. तरीही पावसाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा मी प्रत्येक हुक बोटाने ओढून बघतो.